चार ट्रॅकवर एकशे साठ वादक

११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात बीटल्सनी त्यांच्या पहिल्या एलपीसाठी लागणारी दहा गाणी लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत रेकॉर्ड केली. चौघंजण माइकसमोर उभे राहायचे, वाजवत वाजवत गायचे आणि चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. कॉन्सर्टमध्ये जे करायचे तेच, फक्त समोर श्रोते नव्हते. मग जवळजवळ चार वर्षांनी, १० फेब्रुवारी १९६७च्या संध्याकाळी, त्याच इमारतीत चाळीस वादक जमले. त्यांना वाजवायचा होता एकाच गाण्यात मुद्दाम मोकळा ठेवलेला २४ बारांचा तुकडा. बार म्हणजे इथे चार-चार मात्रांचं एक आवर्तन. ते गाणं तोवर तीन आठवडे स्टुडिओत थोडं थोडं बांधलं जात होतं.

या चार वर्षांत वाजवणारे तेच होते आणि निर्माता जॉर्ज मार्टिनही तोच होता. बदललं ते टेपशी त्यांचं नातं. झालेला कार्यक्रम टिपून ठेवायची वही म्हणून ते आता टेपकडे बघत नव्हते. टेप म्हणजे एकावर एक रंग चढवायचा कॅनव्हास झाली होती. हे नेमकं कसं जमलं, ते त्याच एका गाण्याच्या आधारे पाहू. गाण्याचं नाव ‘अ डे इन द लाइफ’.

टेप म्हणजे प्लास्टिकची लांब फीत, तिच्या एका बाजूला लोखंडाच्या ऑक्साइडचा तपकिरी लेप. माइकमधून आलेला विजेचा संदेश रेकॉर्ड हेड नावाच्या छोट्या विद्युतचुंबकाला मिळतो. फीत त्याला घासून पुढे सरकते आणि आवाजाच्या चढ-उतारांप्रमाणे लेपातले कण कमी-जास्त चुंबकित होतात. तीच फीत पुढे प्ले हेडसमोरून गेली की उलटा प्रवास होतो, म्हणजे चुंबकत्वातून वीज आणि विजेतून आवाज. रेकॉर्ड हेडच्या आधी आणखी एक हेड असतं, जुनं सगळं पुसून टाकणारं. थोडक्यात क्रम असा: पुसणारं, लिहिणारं, वाचणारं.

ज्यांनी कॅसेट वापरल्या आहेत त्यांना ट्रॅक समजायला अवघड नाही. कॅसेटची फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, पण तिच्यावर चार समांतर पट्टे असत: ए बाजूचे डावा-उजवा आणि बी बाजूचे डावा-उजवा. एकाच फितीवर चार वाटा, आणि एकीवरचा आवाज दुसरीत मिसळत नाही. ईएमआयकडे १९६५पासून असलेल्या स्टुडर जे ३७ या स्विस यंत्राची फीतही चार ट्रॅकचीच होती, पण एक इंच रुंद, आणि ती सेकंदाला ३८ सेंटिमीटर या वेगाने धावायची. कॅसेटपेक्षा हा वेग आठपट जास्त. साडेपाच मिनिटांच्या गाण्याला सव्वाशे मीटर फीत लागे. रुंदी आणि वेग जितके जास्त, तितके आवाजाच्या वाट्याला जास्त कण येतात आणि तितकी फितीची स्वतःची ‘सूऽऽ’ अशी सळसळ दबून राहते. ही सळसळ लक्षात ठेवा, पुढे तिचं मोठं काम आहे.

चार ट्रॅक म्हणजे चार आवाज वेगवेगळे ठेवायची सोय, एवढंच वरवर दिसतं. पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे चार ट्रॅक एकाच वेळी भरायची गरज नाही. आज पहिल्यावर गिटार भरा, उद्या ते ऐकत ऐकत दुसऱ्यावर गा. यात एक अडचण होती आणि तिचं उत्तर मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत देखणं वाटतं.

समजा पहिल्या ट्रॅकवर गिटार आहे आणि ते ऐकून गायकाला दुसऱ्या ट्रॅकवर गायचं आहे. गिटार ऐकू येतं प्ले हेडवरून. गाणं लिहिलं जातं रेकॉर्ड हेडवर. ही दोन हेड काही सेंटिमीटर अंतरावर बसवलेली असतात. समजा हे अंतर चार सेंटिमीटर आहे. फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते, म्हणजे तेवढं अंतर कापायला तिला सेकंदाचा दहावा भाग लागतो. गायक कितीही तालात गायला तरी त्याचा आवाज फितीवर गिटारच्या शेजारी न पडता सेकंदाच्या दहाव्या भागाइतका मागे पडणार. ऐकताना सतत लय चुकल्यासारखं वाटणार.

अमेरिकेत ॲम्पेक्स कंपनीने यावर तोडगा काढला. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या हेडची रचना मुळात सारखीच असते. मग ज्या ट्रॅकवर आधीच गिटार आहे, त्या ट्रॅकपुरतं रेकॉर्ड हेडलाच तात्पुरतं वाचायला लावलं तर? गिटार वाचलं जातं आणि गाणं लिहिलं जातं ते एकाच रेषेत. अंतरच उरलं नाही, त्यामुळे उशीर होण्याचा प्रश्नच नाही. असं वाचलेलं गिटार जरा बोदं ऐकू येतं, कारण ते हेड लिहिण्यासाठी घडवलेलं. पण गायकाला हेडफोनमध्ये सूर-ताल कळला की पुरे. शेवटचं मिश्रण करताना सगळं खऱ्या प्ले हेडवरून वाचायचं. या युक्तीसह आठ ट्रॅकचं यंत्र ॲम्पेक्सने १९५७मध्ये गिटारवादक लेस पॉल यांना बनवून दिलं. त्याआधी ते जुन्या आवाजावर नवा आवाज चढवून त्याच फितीवर लिहीत. शेवटच्या थरात चूक झाली की खालचे सगळे थरही गेले. ट्रॅक वेगळे झाल्यावर ही भीती संपली. एका ट्रॅकवरची चूक पुसा, बाकीचे तसेच राहतात.

न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीत असं आठ ट्रॅकचं यंत्र १९५८मध्येच आलं होतं. ॲबी रोडवर मात्र बीटल्सना चार ट्रॅकसुद्धा ऑक्टोबर १९६३मध्ये मिळाले आणि १९६८पर्यंत त्यांनी चारांतच भागवलं. त्यामुळेच त्यांची गोष्ट जास्त शिकवून जाते. साधनं कमी असली की प्रत्येक निर्णय उघडा पडतो.

चार ट्रॅक भरले, पण डोक्यातलं गाणं अजून संपलेलं नाही, मग काय करायचं? दुसरं चार ट्रॅकचं यंत्र शेजारी आणायचं. पहिल्या टेपवरचे चारही आवाज हवे त्या प्रमाणात मिसळून दुसऱ्या टेपच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे. उरलेले ट्रॅक पुन्हा रिकामे. ॲबी रोडवर याला ‘रिडक्शन’ म्हणत, अमेरिकेत ‘बाउन्सिंग’. ऐकायला ही फुकटची जागा वाटते, पण तिची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते.

पहिली किंमत सळसळीची. डबल डेकवर मित्राच्या कॅसेटची कॉपी करायची, मग त्या कॉपीवरून तिसऱ्या मित्राने करायची, हे एका पिढीने भरपूर केलं आहे. तिसऱ्या हातातल्या कॅसेटमध्ये गाण्याआधी पाऊस पडत असल्यासारखा आवाज यायचा आणि झांजा विझलेल्या वाटायच्या. इथेही तेच. चार ट्रॅकच्या चार सळसळी एकत्र येतात, वर नव्या फितीची स्वतःची पाचवी. यंत्रं उत्तम होती म्हणून एक-दोन वेळा चालून जायचं, त्यापुढे कानाला कळायचं.

दुसरी किंमत मला जास्त मोठी वाटते. एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं होत नाही. गिटार आणि पियानो एका ट्रॅकवर गेले, मग आठवड्याने लक्षात आलं की पियानो जरा जास्त झाला आहे, तर इलाज नाही. पियानो कमी केला की गिटारही कमी होणार. शिरा ढवळून झाल्यावर साखर काढता येत नाही, तसं. गाणं पूर्ण व्हायच्या आधीच त्याच्या अर्ध्या भागाचा तोल कायमचा ठरवायचा, तोही अजून न वाजलेल्या वाद्यांचा अंदाज घेऊन.

म्हणून कोणता आवाज कधी चढवायचा या क्रमालाच महत्त्व आलं. जे आधी रेकॉर्ड झालं ते नंतरच्या प्रत्येक कॉपीत जरा जरा झिजणार. त्या काळात पॉल मॅकार्टनी बास गिटार बहुतेकदा सगळ्यात शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर वाजवू लागला. असं केलं की बास एकाही कॉपीतून जात नाही आणि त्याचा गोल, ठळक आवाज जसाच्या तसा उरतो. शिवाय बाकी सगळं गाणं ऐकून झाल्यावर वाजवल्यामुळे त्याला गाण्यातल्या मोकळ्या जागा दिसत. त्या वर्षीच्या रेकॉर्डवर बास एखाद्या गायकासारखा स्वतःची चाल धरून फिरतो, त्याचं एक कारण हे वेळापत्रक आहे.

आता आपल्या गाण्याकडे येऊ. १९ जानेवारी १९६७. जॉन लेननकडे कडवी होती, पॉलकडे मधला वेगळाच तुकडा होता, पण दोन्हींना जोडणारं काही सुचलं नव्हतं. एरवी अशा वेळी सुचेपर्यंत थांबावं लागलं असतं. त्यांनी जोडजागा तेवढी रिकामी सोडून रेकॉर्डिंग सुरू केलं. जॉन गिटार वाजवत गायला, पॉल पियानोवर, तालासाठी मराकस आणि हाताने वाजवायचं तालवाद्य. रिकाम्या जागेत तोच पियानो ठोकत राहायचं आणि मदतनीस मॅल इव्हान्सने मोठ्याने एक ते चोवीस आकडे मोजायचे, म्हणजे किती बार गेले ते कळेल. त्याच्या आवाजावर इको हळूहळू वाढवत नेला होता. चोवीस संपले की खूण म्हणून एक गजराचं घड्याळ वाजलं. चौथा टेक पसंत पडला. त्यावर जॉनचं आणखी गाणं आणि पियानो चढला आणि चारही ट्रॅक भरले.

दुसऱ्या दिवशी रिडक्शन. चौथा टेक दुसऱ्या टेपवर उतरवला, तोल वेगवेगळा ठेवून तीन वेळा. त्यांना पाच, सहा, सात असे नंबर पडले. एकही नवा सूर वाजलेला नसताना टेकचे आकडे पुढे गेले, याचा अर्थ मिश्रण हाच आता एक ‘टेक’ झाला होता. सहावा निवडला. त्याच्या मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर बास, ड्रम्स आणि पॉलचं गाणं आलं. ३ फेब्रुवारीला पॉलने आपला भाग पुन्हा गायला, बास आणि ड्रम्सही पुन्हा वाजवले गेले, आणि आधीचे त्याच ट्रॅकवरून पुसले गेले. रिंगो स्टारचे तोलून टाकलेले, जवळजवळ बोलणारे ड्रम्स आपण आज ऐकतो ते या दुसऱ्या खेपेचे. पहिले गेले. ट्रॅक मोजके असले की पसंत न पडलेलं ठेवायला जागाच नसते.

रिकाम्या २४ बारांत काय भरायचं ते अखेर ठरलं: मोठा वाद्यवृंद, तळातल्या सुरापासून टोकापर्यंत चढत जाणारा. जॉर्ज मार्टिनने प्रत्येक वाद्याला सुरुवातीला त्याचा सर्वांत खालचा सूर लिहून दिला आणि शेवटी ई मेजर कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या ठरावीक सुरांच्या मेळाच्या, जवळचा सर्वांत वरचा. मधला प्रवास ज्याने त्याने आपापल्या गतीने करायचा, शेजारी कुठे पोचला ते ऐकायचं नाही. वाद्यवृंदातल्या वादकांना आयुष्यभर शेजाऱ्याशी जुळवून वाजवायचं शिक्षण मिळालेलं असतं, त्यांना हे फार अवघड गेलं असणार.

पण ते लिहायचं कुठे? सहाव्या टेकच्या टेपवर एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाला पुरेशी जागा उरली नव्हती. पुन्हा रिडक्शन केलं असतं तर पहिल्या दिवशीचं गिटार दुसऱ्या कॉपीत गेलं असतं. मार्टिनने तंत्रज्ञ केन टाउनसेंडला त्याच सकाळी विचारलं की चार-चार ट्रॅकची दोन यंत्रं संध्याकाळी एकत्र चालवता येतील का. तोवर हे तिथे कोणी केलं नव्हतं.

दोन यंत्रं नुसती एकदम सुरू करून भागत नाही. फीत किंचित ताणते, किंचित सरकते, आणि मिनिटभरात दोघांची फारकत होते. टाउनसेंडने केलं ते असं. टेप यंत्राची मोटर घरातल्या विजेवर, म्हणजे इंग्लंडमध्ये सेकंदाला ५० वेळा हेलकावणाऱ्या प्रवाहावर चालते आणि त्या हेलकाव्यांशीच तिचा वेग बांधलेला असतो. त्याने पहिल्या टेपच्या एका ट्रॅकवरून ५० हेलकाव्यांचा स्थिर सूर घेतला, त्याचा दाब वाढवला आणि दुसऱ्या यंत्राच्या मोटरला भिंतीतल्या विजेऐवजी तोच दिला. आता पहिली फीत जरा मंदावली तर तिच्यावरचा सूरही तितकाच मंदावणार आणि दुसरी मोटरही आपोआप तितकीच. पुढची फीत मागच्या यंत्राला बोट धरून चालवते आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. पहिल्याच प्रयत्नात हे जमलं.

त्या संध्याकाळी मोठ्या स्टुडिओ वनमध्ये चाळीस वादकांनी तो चढ वाजवला, टेप मागे नेली, पुन्हा वाजवला, असं करत दुसऱ्या टेपचे चारही ट्रॅक भरले. चाळीस चोक एकशे साठ. चार वेळचे चढ एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण ते जुळवायचेच नव्हते. त्या न जुळण्यातूनच ती लाट इतकी जाड झाली. एका वेळी एकशे साठ वादक बसवले असते तरी असा आवाज आला असता असं मला वाटत नाही.

या युक्तीची मर्यादा मिश्रणाच्या वेळी समोर आली. ५० हेलकाव्यांचा सूर दोन यंत्रांचा वेग जुळवतो, सुरुवात जुळवत नाही. दोघांची बटणं एकाच क्षणी दाबायची आणि दोघांनी एकाच वेळात वेग पकडायचा, हे माणसाच्या हातावर आणि यंत्राच्या मर्जीवर. एक यंत्र सुरू व्हायला आळशी निघालं आणि वाद्यवृंद नेमक्या जागी बसेना. पुन्हा मागे न्या, पुन्हा सुरू करा. मार्टिन वैतागला होता, असं टाउनसेंडने पुढे सांगितलं.

२२ फेब्रुवारीला शेवट रेकॉर्ड झाला. आधी सगळ्यांनी मिळून गुणगुणलेला सूर शेवटी ठेवायचा विचार होता, तो फिका वाटला. त्याऐवजी जॉन, पॉल, रिंगो आणि मॅल इव्हान्स यांनी तीन पियानोंवर एकदम ई मेजर कॉर्ड जोरात दाबला आणि धरून ठेवला. त्यावर आणखी तीनदा तोच कॉर्ड चढवला, मार्टिनच्या हार्मोनियमसह. पुन्हा चार ट्रॅक.

पुढच्याच वर्षी हा सगळा हिशेब सैल झाला. ३१ जुलै १९६८ला बीटल्स ‘हे ज्यूड’साठी ट्रायडेंट स्टुडिओत गेले, तिथे आठ ट्रॅक होते. सप्टेंबरात ॲबी रोडवरही ते सुरू झाले. त्याच वर्षी थर लावण्याच्या या पद्धतीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत आला. जानेवारीत जॉर्ज हॅरिसनने मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून ‘द इनर लाइट’चं संगीत वाजवून घेतलं आणि फेब्रुवारीत ॲबी रोडवर त्यावर गाणं चढवलं. गाणारे आणि वाजवणारे हजारो मैलांवर, तरी कानाला ते एकाच खोलीत बसलेले वाटतात. मुंबईत त्या काळात चित्रपटगीताला गायक आणि वाद्यवृंद साधारणपणे एकत्र, एकदमच वाजत होते, हे आठवलं की या पद्धतीचं वेगळेपण अधिक जाणवतं.

‘अ डे इन द लाइफ’ हेडफोन लावून ऐका, शक्यतो रात्री. स्टिरिओ आवृत्तीत जॉनचा आवाज उजव्या कानात सुरू होतो आणि कडव्यागणिक हळूहळू डावीकडे सरकत जातो. सोबतची वाद्यं मात्र जागची हलत नाहीत. यावरून कळतं की इतक्या मिसळामिसळीतही तो आवाज वेगळ्या ट्रॅकवर जपून ठेवला होता. वेगळा नसता तर त्याच्याबरोबर वाद्यंही सरकली असती.

मग पहिला चढ येतो. वाद्यवृंद अंगावर यायच्या आधी, त्याच्या खाली नीट कान दिला तर इकोत बुडालेला मॅल इव्हान्स आकडे मोजताना ऐकू येतो. ती मोजणी फक्त बांधकामाची परांची होती, पण पहिल्या दिवशीच ती वाद्यांसोबत मिसळली होती आणि काढणं शक्य नव्हतं. गजराचं घड्याळही तसंच राहिलं. योगायोग असा की त्याच्यापाठोपाठ येणारा पॉलचा तुकडा झोपेतून उठण्याने सुरू होतो, त्यामुळे ते मुद्दाम ठेवल्यासारखं वाटतं.

आणि शेवटचा कॉर्ड. तो चाळीस सेकंदांहून जास्त टिकतो. कोणताही पियानो इतका वेळ एवढ्या जोरात वाजत राहत नाही. आवाज विझत चालला तसा इंजिनिअर जेफ एमेरिक आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळी, म्हणजे फेडर, वर वर नेत राहिला, शेवटी ते पार टोकाला पोचले. फेडर वर नेला की पियानोबरोबर खोलीतलं बाकी सगळंही मोठं होतं. विझणाऱ्या सुराच्या अगदी कडेला, जिथे सळसळ आणि पियानो यांच्यातला फरक पुसट होतो, तिथे कोणाच्या तरी खुर्चीची करकर ऐकू येते.